क्रॉसटॅब आणि काय-स्क्वेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रबंध, पाहणी अहवाल, प्रकल्प यांच्या निमित्ताने लोक मला टेबलं पाठवतात. सोबतचा प्रश्न थोड्याफार फरकाने तोच असतो: "दोन गटांत फरक दिसतोय, तो खरा धरायचा का?" त्या प्रश्नांची ही जुळणी आहे. जवळजवळ सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे, म्हणजे दर वेळी नवे आकडे डोक्यात भरावे लागणार नाहीत. हे उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांचं आहे. त्यातल्या सहा सर्वांत मोठ्या विभागांची आकडेवारी `R` मध्ये `UCBAdmissions` या नावाने तयारच मिळते, त्यामुळे खालचा प्रत्येक आकडा तुम्हाला स्वतः ताडून पाहता येईल.

१. क्रॉसटॅब म्हणजे नक्की काय? वाचायला सुरुवात कुठून करू?

एकाच माणसाबद्दलच्या दोन गोष्टी एकत्र मोजल्या की क्रॉसटॅब तयार होतो. इथे त्या दोन गोष्टी म्हणजे अर्जदार पुरुष की स्त्री, आणि प्रवेश मिळाला की नाही.

| | प्रवेश मिळाला | नाकारला | एकूण |
|---|---|---|---|
| पुरुष | ११९८ | १४९३ | २६९१ |
| स्त्रिया | ५५७ | १२७८ | १८३५ |
| एकूण | १७५५ | २७७१ | ४५२६ |

सुरुवात कडेच्या बेरजांपासून करा. एकूण किती जण आहेत, प्रत्येक गटात किती, आणि गट मिसळून पाहिलं तर प्रवेशाचं प्रमाण किती? इथे ते १७५५ भागिले ४५२६, म्हणजे ३८.८ टक्के आहे. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशीच होणार आहे. आतली चार घरं त्यानंतर पाहायची. नुसतं "११९८ विरुद्ध ५५७" वाचून कुठलाही निष्कर्ष निघत नाही, कारण मुळात पुरुषांचे अर्जच जास्त होते.

२. टक्के ओळीचे काढू की स्तंभाचे? सॉफ्टवेअर दोन्ही देतं आणि माझा गोंधळ उडतो.

ज्या गटांची तुलना करायची आहे, त्या प्रत्येक गटाची बेरीज १०० धरा. आपल्याला पुरुष आणि स्त्रिया यांची तुलना करायची आहे आणि ते ओळींत आहेत, म्हणून ओळीचे टक्के. पुरुषांना प्रवेश ४४.५ टक्के, स्त्रियांना ३०.४ टक्के.

आता उलटं करून बघा. नाकारलेल्या २७७१ जणांपैकी १४९३ पुरुष होते, म्हणजे ५३.९ टक्के. "नकार मिळालेल्यांत पुरुषच जास्त, म्हणजे अन्याय पुरुषांवर झाला" असं वाक्य या टेबलावरून सरळ लिहिता येतं, आणि त्यातला आकडा अगदी बरोबर असतो. चुकतो तो भाजक. अर्जदारांतच पुरुष ५९.५ टक्के असतील तर नकार मिळालेल्यांत ते निम्म्याहून जास्त असणार, त्यात नवल नाही. माझ्याकडे येणाऱ्या टेबलांत सगळ्यांत जास्त चुका याच जागी सापडतात. चाचणीपर्यंत गोष्ट पोचायच्या आधीच निष्कर्ष फिरलेला असतो.

गंमत म्हणजे काय-स्क्वेअरला याचं काही सोयरसुतक नाही. टेबल आडवं ठेवा की उभं, उत्तर तेच येतं. त्यामुळे टक्के चुकीच्या दिशेने वाचले तर ती चूक चाचणी पकडून देत नाही.

३. ४४ आणि ३० हा फरक डोळ्यांनाच दिसतो. मग चाचणीची गरज काय?

इथे खरंच फारशी नाही. पण हेच टक्के ९ पुरुष आणि १० स्त्रियांवरून काढले असते तर? ९ पैकी ४ म्हणजे ४४ टक्के, १० पैकी ३ म्हणजे ३०. एका जणाचा निकाल बदलला की फरक जवळजवळ नाहीसा. टक्के लिहिले की मागची माणसं किती होती ते दिसेनासं होतं. म्हणून टक्क्यांशेजारी कंसात संख्या लिहायची पद्धत आहे.

चाचणी एवढंच विचारते: दोन्ही गटांना सारखाच न्याय असता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता किती? ती फार कमी निघाली तर "सारखाच न्याय" हे गृहीतक सोडून द्यायचं. पाठ्यपुस्तकात याला शून्य परिकल्पना नाकारणं म्हणतात.

४. "अपेक्षित वारंवारता" येते कुठून? हाताने काढून दाखवा.

नावावरून वाटतं की ही कोणाची तरी अपेक्षा आहे. तसं काही नाही. लिंगाचा आणि प्रवेशाचा काहीच संबंध नसता, तर कोपऱ्यात लिहिलेलं ३८.८ टक्के हे प्रमाण दोन्ही गटांना लागलं असतं. २६९१ पुरुषांचे ३८.८ टक्के म्हणजे १०४३.५. सूत्र म्हणून लिहायचं तर ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण: २६९१ × १७५५ ÷ ४५२६.

एक घर भरलं की उरलेली तीन वजाबाकीने येतात. पुरुषांना नकार १६४७.५, स्त्रियांना प्रवेश ७११.५, स्त्रियांना नकार ११२३.५. अपूर्णांक आला म्हणून घाबरू नका आणि तो पूर्णांकही करू नका. अर्धा माणूस नसतो हे खरं, पण हा सरासरीचा हिशेब आहे.

आता प्रत्यक्ष वजा अपेक्षित. पुरुषांना प्रवेश ११९८, अपेक्षित १०४३.५, फरक १५४.५. दोन बाय दोनच्या टेबलात चारही घरांत हाच फरक येतो, फक्त चिन्ह बदलतं. तसा आला नाही तर बेरीज चुकली आहे. या फरकाचा वर्ग करा, त्या त्या घराच्या अपेक्षित संख्येने भागा आणि चारही उत्तरं मिळवा:

२२.९ + १४.५ + ३३.६ + २१.३ = ९२.२ (दशांश न कापता मिळवलेली बेरीज; एका दशांशावर कापून मिळवलीत तर ९२.३ येईल)

एवढाच काय-स्क्वेअर. (नावातला "काय" हे ग्रीक अक्षर आहे. "काय-स्क्वेअर म्हणजे काय" हा विनोद प्रत्येक तुकडीत एकदा होतोच.) कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली ही चाचणी मांडली.

५. ९२.२ आला. हा मोठा की लहान? आणि ते ३.८४ कुठून येतं?

संबंध काहीच नसतानाही योगायोगाने काय-स्क्वेअर शून्याच्या वर येतोच. दोन बाय दोनच्या टेबलात तो १०० पैकी फक्त ५ वेळा ३.८४ च्या पलीकडे जातो. म्हणून ५ टक्के सार्थकता स्तराला ३.८४ ही रेघ मारलेली आहे. आपला ९२.२ त्या रेघेच्या कितीतरी पलीकडे आहे.

टेबल मोठं झालं की रेघ सरकते, कारण जास्त घरं म्हणजे योगायोगाला जास्त वाव. किती सरकायची ते स्वाधीनता मात्रा ठरवते: (ओळी − १) × (स्तंभ − १). दोन बाय दोनला ती १ येते. प्रश्न ४ मध्ये एक घर भरल्यावर बाकीची तीन आपोआप आली, म्हणजे मोकळं घर एकच होतं. तीन बाय तीनला ती ४ होते आणि रेघ ९.४९ वर जाते. हा हिशेब खुद्द पिअर्सन यांचाही चुकला होता. तो रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दुरुस्त केला.

इथे एक फसगत माझ्या स्वतःच्या हातून झालेली आहे. टेबल निवडताना "एकूण"ची ओळ आणि स्तंभही त्यात घेतले. बेरजेच्या घरांत प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्या तंतोतंत सारख्या असतात, त्यामुळे काय-स्क्वेअर होता तेवढाच राहिला आणि मला काहीच खटकलं नाही. पण सॉफ्टवेअरने टेबल तीन बाय तीन समजून स्वाधीनता मात्रा ४ धरली आणि ५.६ चा काय-स्क्वेअर "फरक नाही" म्हणून बाजूला पडला. दोन बाय दोनच्या टेबलाखाली `df = 4` दिसलं तर बाकी काही बघू नका, आधी बेरजा काढून टाका.

६. एसपीएसएसने `p` च्या जागी .000 दाखवलं. शून्य लिहू का? आणि याचा अर्थ ९९.९ टक्के खात्री असा होतो का?

शून्य लिहू नका. तीन दशांशांत मावला नाही एवढाच त्याचा अर्थ. "p < ०.००१" लिहा.

खात्रीचं वाक्य मात्र अजिबात लिहू नका. `p` हा "फरक खरा असण्याची शक्यता" सांगत नाही. संबंध नाही असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता तो सांगतो. दोन्ही वाक्यं कानाला सारखी वाटतात, पण एकात गृहीतक आधी आहे आणि दुसऱ्यात ते निष्कर्ष होऊन बसलं आहे. तोंडी परीक्षेत नेमका यावरच बोट ठेवतात.

७. मी तेच आकडे घातले आणि माझं उत्तर वेगळं आलं. का?

बहुतेक वेळा कारण या दोहोंतलं एक असतं.

पहिलं, तुम्ही संख्यांऐवजी टक्के घातले. ४४.५, ५५.५, ३०.४, ६९.६ असे आकडे दिले तर सॉफ्टवेअर बिचारं समजतं की दोन्ही गटांत शंभर-शंभर माणसं आहेत. मग काय-स्क्वेअर ९२ ऐवजी सव्वाचारच्या आसपास येतो. चाचणीला नेहमी डोकी द्या, टक्के नव्हे.

दुसरं, येट्सची दुरुस्ती, म्हणजे दोन बाय दोनच्या टेबलात काय-स्क्वेअर थोडा खाली आणणारी सुधारणा. `R` दोन बाय दोनच्या टेबलाला ती न विचारता लावतं:

```r
t <- matrix(c(1198, 557, 1493, 1278), nrow = 2)
chisq.test(t)                    # 91.61
chisq.test(t, correct = FALSE)   # 92.21
```

एसपीएसएस दोन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींत छापतं. मोठ्या टेबलात फरक नगण्य असतो, लहान टेबलात निष्कर्ष पालटू शकतो. कुठला घेतला ते अहवालात लिहा म्हणजे झालं. एक्सेलच्या `CHISQ.TEST` ला अपेक्षित संख्यांचं टेबल तुम्हालाच बनवून द्यावं लागतं आणि ते परत फक्त `p` देतं, काय-स्क्वेअर नाही. शिकताना ते बरं पडतं, कारण प्रश्न ४ मधला हिशेब हाताने करावाच लागतो.

८. `p` खूप लहान आला, म्हणजे फरक खूप मोठा असं लिहू का?

नाही. काय-स्क्वेअर फरकाबरोबर नमुन्याच्या आकारालाही भाळतो. बर्कलीच्या चारही घरांतल्या संख्या २५ ने भागा. टक्के जसेच्या तसे, ४४.५ आणि ३०.४, पण माणसं १८१. काय-स्क्वेअरही २५ पट घटून ३.६९ होतो, म्हणजे रेघेच्या अलीकडे. फरक तेवढाच असताना एकदा "अत्यंत सार्थक" आणि एकदा "सार्थक नाही".

म्हणून फरकाचा आकार वेगळा सांगायचा. सगळ्यात समजायला सोपा आकडा म्हणजे टक्क्यांची सरळ वजाबाकी: १४.२ टक्केबिंदू, ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ११ ते १७. मार्गदर्शकांना गुणांक हवा असेल तर फाय काढा: काय-स्क्वेअरला एकूण संख्येने भागून वर्गमूळ. ९२.२ ÷ ४५२६ चं वर्गमूळ ०.१४. घरं जास्त असतील तर याचाच भाऊ क्रेमरचा व्ही.

पण फाय लहान म्हणजे फरक क्षुल्लक, असंही नाही. अमेरिकेतल्या पुरुष डॉक्टरांवर झालेल्या ॲस्पिरिनच्या प्रयोगाचे १९८८ मध्ये जाहीर झालेले आकडे पाहा. ॲस्पिरिन घेणाऱ्या ११,०३७ पैकी १०४ जणांना हृदयविकाराचा झटका आला, नकली गोळी घेणाऱ्या ११,०३४ पैकी १८९ जणांना. फाय फक्त ०.०३ येतो, "नगण्य" म्हणून कोष्टकात जाईल असा. पण झटके जवळपास निम्म्यावर आले. घटना मुळातच विरळ असली की फाय असा आखडतो. तिथे दोन्ही गटांतलं प्रमाण शेजारी ठेवून वाचा: ०.९ टक्के आणि १.७ टक्के.

९. `p` ०.०५५ आला. "दोन गटांत फरक नाही" असं लिहायचं ना?

"फरक आढळला नाही" आणि "फरक नाही" यांत अंतर आहे. प्रश्न ८ मधलं २५ ने भागलेलं टेबल नेमकं ०.०५५ देतं. तिथे टक्केबिंदूंच्या फरकाची विश्वासमर्यादा जवळजवळ ० पासून २८ पर्यंत पसरते. म्हणजे फरक नसेलही, किंवा प्रचंडही असेल. १८१ माणसांवरून ते ठरवता येत नाही एवढंच. ही मर्यादाच अहवालात लिहा. "सार्थकतेच्या अगदी जवळ" अशी सारवासारव नको, आणि रेघ ओलांडावी म्हणून आणखी दहा फॉर्म भरून आणणं तर अजिबात नको.

१०. "अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी" असा इशारा येतोय. टेबल टाकून द्यावं लागेल का?

आधी नीट वाचा: अट अपेक्षित संख्येवर आहे, प्रत्यक्ष संख्येवर नाही. घरात प्रत्यक्ष २ असले आणि अपेक्षित ९ असले तर काही बिघडत नाही. रूढ संकेत असा की अपेक्षित संख्या एक पंचमांशाहून जास्त घरांत ५ च्या खाली नसावी आणि कुठेही १ च्या खाली नसावी. दोन बाय दोनमध्ये एक घर म्हणजेच पाव टेबल, त्यामुळे तिथे चारही घरं ५ च्या वर हवीत.

तसं नसेल तर फिशरची अचूक चाचणी वापरा. तिची कथा चहाची आहे. आठ कप, चारांत दूध आधी ओतलेलं, चारांत चहा आधी. चव घेऊन दूध-आधीचे चार कप ओळखायचे. आठांतून चार कप निवडण्याचे ७० प्रकार आहेत. चारही बरोबर येण्याचा प्रकार एकच, म्हणजे शक्यता ७० त १, साधारण ०.०१४. तीनच बरोबर आले तर? काय-स्क्वेअर २ येतो आणि `p` ०.१६ दाखवतो. पण त्या टेबलात प्रत्येक घराची अपेक्षित संख्या फक्त २ आहे. सगळे प्रकार मोजून काढलेला दुहेरी `p` ०.४९ निघतो. लहान टेबलात काय-स्क्वेअर किती उतावळा होतो ते इथे दिसतं.

दुसरा उपाय म्हणजे शेजारचे वर्ग एकत्र करणं, उदाहरणार्थ "पदवी" आणि "पदव्युत्तर" मिळून एक. पण ते अर्थाला धरून, आणि निकाल बघायच्या आधी करायचं.

११. प्रशिक्षणाआधी आणि नंतर तीच माणसं विचारली. क्रॉसटॅब करून काय-स्क्वेअर लावला तर चालेल?

नाही. प्रत्येक माणूस टेबलात एकदाच आला पाहिजे, ही चाचणीची पहिली अट आहे. समजा प्रशिक्षणाला पन्नास बायका होत्या. "आधी" आणि "नंतर" अशा दोन ओळी केल्या की त्या पन्नासांच्या शंभर होतात.

इथे मॅकनेमारची चाचणी लागते. ती फक्त मत बदललेल्यांकडे बघते. समजा १२ जणी "नाही"वरून "हो"वर आल्या आणि ३ जणी उलट गेल्या, तर फरक ९, त्याचा वर्ग ८१, भागिले १५, उत्तर ५.४. हे त्याच ३.८४ शी ताडायचं. ज्यांचं मत बदललंच नाही त्यांचा हिशेबात उपयोग नाही.

"लागू असेल तिथे सर्व पर्यायांवर खूण करा" या प्रकारच्या प्रश्नातही हीच अडचण येते. तिथे खुणा माणसांहून जास्त असतात. प्रत्येक पर्यायाचं हो/नाही असं वेगळं टेबल करा, आणि मग प्रश्न १३ वाचा.

१२. एकूण टेबलात फरक स्पष्ट होता, पण गट फोडून पाहिले तर नाहीसा झाला. हिशेब चुकला का?

बहुधा नाही. बर्कलीचं उदाहरण निवडलं ते याचसाठी. सहा विभाग वेगळे करून प्रवेशाचे टक्के पाहा. कंसात अर्जांची संख्या आहे.

| विभाग | पुरुष | स्त्रिया |
|---|---|---|
| अ | ६२ (८२५) | ८२ (१०८) |
| ब | ६३ (५६०) | ६८ (२५) |
| क | ३७ (३२५) | ३४ (५९३) |
| ड | ३३ (४१७) | ३५ (३७५) |
| इ | २८ (१९१) | २४ (३९३) |
| फ | ६ (३७३) | ७ (३४१) |

एकूणात स्त्रिया १४ टक्केबिंदूंनी मागे होत्या. इथे चार विभागांत त्या पुढे आहेत आणि दोनांत किंचित मागे. विभागवार काय-स्क्वेअर काढला तर एकट्या अ विभागात तो रेघ ओलांडतो, १७.२, आणि तोही स्त्रियांच्या बाजूने. क विभागाचा ०.७५ आहे.

मग १४ गेले कुठे? कंसातल्या संख्या वाचा. अ आणि ब हे प्रवेश सहज देणारे विभाग. निम्म्याहून जास्त पुरुषांनी, २६९१ पैकी १३८५ जणांनी, तिथेच अर्ज केले. स्त्रिया तिथे १८३५ पैकी फक्त १३३. बाकीच्या सगळ्या गर्दी असलेल्या आणि जागा कमी असलेल्या विभागांच्या दारात उभ्या होत्या. बेरीज करताना पुरुषांच्या खात्यात सोपी दारं जास्त आली, स्त्रियांच्या खात्यात अवघड. या उलटापालटीला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

म्हणून कुठलाही क्रॉसटॅब सार्थक आला की स्वतःला एक प्रश्न विचारा: या दोन गटांत आणखी काय वेगळं आहे, ज्याचा उत्तराशीही संबंध आहे? तुमच्या पाहणीत ते वय असेल, शहर-गाव असेल, कोरडवाहू-बागायती असेल. दोन्ही अटी लागू पडल्या तरच फोडून बघायचं; दिसेल त्या गोष्टीने फोडत सुटलात तर घरं रिकामी होतात आणि प्रश्न १० समोर येतो.

१३. मग दोहोंतलं खरं टेबल कुठलं? आणि ४० क्रॉसटॅब काढून ३ सार्थक आले तर ते लिहू का?

पहिल्याचं उत्तर तुमच्या प्रश्नावर आहे. "प्रवेश समित्या स्त्रियांना डावलतात का?" हा प्रश्न असेल तर निर्णय विभागात होतो, म्हणून विभागवार टेबल बघायचं. पुरुषांनी जिथे जेवढे अर्ज केले तसेच स्त्रियांनी केले असते आणि त्यांचं विभागवार प्रमाण तेच राहिलं असतं, तर त्यांना ५१.६ टक्के प्रवेश मिळाला असता, पुरुषांच्या ४४.५ हून जास्त. (यातला मोठा वाटा अ विभागातल्या १०८ जणींवर उभा आहे, म्हणून तो आकडा फार ताणू नका.) पण "विद्यापीठात स्त्रिया कमी का पोचतात?" असं विचारलंत तर एकूण टेबलही खरंच आहे. बिकेल, हॅमल आणि ओकॉनेल यांनी १९७५ मध्ये हे सगळं मांडलं तेव्हा स्त्रिया कोणत्या विषयांकडे वळवल्या जातात याची मुळं त्यांनी प्रवेश समितीच्या कितीतरी आधी, शिक्षण आणि संगोपन यांत दाखवली. फोडल्यावर फरक मिटला म्हणजे अन्यायच नव्हता, असं त्यातून निघत नाही. तो तिथे नव्हता, एवढंच निघतं.

दुसऱ्याचं उत्तर: काहीच संबंध नसताना ४० टेबलांत सरासरी २ सार्थक येतातच, कारण ५ टक्क्यांची रेघ आपणच मारलेली. तीन आले म्हणजे अपेक्षेहून फार वेगळं काही घडलं नाही. किती टेबलं काढली ते लिहा, आणि रेघ ०.०५ ला टेबलांच्या संख्येने भागून घ्या. ४० साठी ०.००१२५. बर्कलीच्या सहा विभागांसाठी ०.००८३, आणि अ विभाग तीही सहज ओलांडतो.

१४. माझ्याकडे नमुना नाही, सगळेच आहेत. गावातली सगळी कुटुंबं मोजली. तरी चाचणी लावायची?

त्या गावापुरतं, त्या दिवसापुरतं बोलायचं असेल तर नको. मोजलेला फरक हाच फरक; नमुन्यामुळे येणारा योगायोग तिथे नाही. टक्के द्या आणि पुढे चला.

बर्कलीतही त्या सहा विभागांचे त्या वर्षीचे सगळेच अर्ज आहेत. तरी चाचणी लावली जाते, कारण तिथे प्रश्न वेगळा असतो: निवड लिंगाकडे न पाहता होत असती तर निकालांत आपसूक किती चढउतार झाले असते, आणि हा फरक त्याच्या बाहेर आहे का? असा प्रश्न तुमच्याही मनात असेल तर चाचणी लावा, पण तो प्रश्न अहवालात शब्दांत लिहा. आणि एका गावावरून तालुक्याबद्दल बोलायचं असेल तर काय-स्क्वेअर तुम्हाला वाचवणार नाही, कारण ते गाव तालुक्यातून चिठ्ठी टाकून निवडलेलं नाही.

१५. शेवटी अहवालात नेमकं काय लिहू? एक नमुना द्या.

बर्कलीचं असं लिहिता येईल:

"सहा विभागांत मिळून पुरुष अर्जदारांपैकी ४४.५ टक्के (२६९१ पैकी ११९८) आणि स्त्री अर्जदारांपैकी ३०.४ टक्के (१८३५ पैकी ५५७) यांना प्रवेश मिळाला. फरक १४.२ टक्केबिंदू (९५ टक्के विश्वासमर्यादा ११ ते १७), काय-स्क्वेअर ९२.२, स्वाधीनता मात्रा १, p < ०.००१, येट्सची दुरुस्ती न करता. विभागवार पाहता हा फरक टिकत नाही; सहांपैकी केवळ अ विभागात तो सार्थक असून तिथे स्त्रियांचं प्रमाण जास्त आहे (८२ विरुद्ध ६२ टक्के)."

शेवटचं वाक्य गाळलं तर बाकीचा परिच्छेद दशांशापर्यंत बरोबर राहतो, आणि वाचणारा चुकीचा निष्कर्ष घेऊन जातो.